कांद्याच्या मुळाचे चार फोटो: जर्नलला कोणता लावायचा?

प्रश्न: मॅडम, मी एफवायबीएस्सीला आहे. कांद्याच्या रूट टिपच्या स्लाइडचे मोबाइलने ४०च्या ऑब्जेक्टिव्हवर चार फोटो काढलेत: अ, ब, क, ड. जर्नलमध्ये एकच लावायचाय आणि खाली फोकस, स्टेनिंगचा सारखेपणा आणि क्लॅरिटी यांवरून चौघांची तुलना लिहायचीय. मला ड भारी वाटतो, मैत्रीण म्हणते अ लाव. क तर धुरकटच आलाय. कोणता लावू, आणि का ते कसं लिहू?

उत्तर: क लाव. पण आत्ता आहे तसा नाही. ४०च्या ऑब्जेक्टिव्हची लेन्स पुसून तीच जागा पुन्हा काढ आणि तो लाव. स्लाइड एव्हाना वाळली असेल तर ब लाव, डावीकडचा भाग कापून. अ आणि ड, म्हणजे नेमके तुम्हा दोघींचे आवडते, दोन्ही बाद.

चारही फोटो मी लॅपटॉपवर १०० टक्के आकारात उघडून पाहिले. तू मोबाइलवरच पाहिलेस, म्हणून तुला ड आवडला. एवढ्याशा पडद्यावर कुठलाही फोटो शार्पच दिसतो, आणि ज्याचा रंग भडक तो आणखी शार्प वाटतो. तेव्हा चारही फोटो एकाच पडद्यावर, पूर्ण आकारात, एकापाठोपाठ एक उघड. आणि नजर फिरवत बसू नकोस. प्रत्येक फोटोत विभाजन चालू असलेली एक पेशी शोध, ती मेटाफेजमधली असो की ॲनाफेजमधली, आणि तिच्याचवर थांब. प्रयोग मायटोसिसचा आहे. पेशीभित्तिका कितीही सुरेख आल्या आणि गुणसूत्रं लोकरीच्या गुंड्यासारखी दिसली, तर तो फोटो या प्रयोगाचा नाहीच.

दुसरं म्हणजे फोकसला दहापैकी इतके, रंगाला इतके असे मार्क द्यायला लगेच बसू नकोस. आधी प्रत्येक दोष कुठे बसलाय ते बघ. तो स्लाइडमध्ये असेल, मायक्रोस्कोपमध्ये असेल किंवा मोबाइलमध्ये असेल. स्लाइडमधला दोष फोटो पुन्हा काढून जात नाही. मायक्रोस्कोपमधला पाच मिनिटांत जातो. तुझ्या चार फोटोंत तिन्ही प्रकार आहेत, म्हणून हे चौघे एका रांगेत उभे करून तुलना केलीस तर उत्तर चुकणारच होतं.

आता मैत्रिणीच्या अ पासून सुरुवात करू. पहिल्या नजरेला तो खरंच शार्प आहे. पेशींच्या चौकटी पेनने ओढल्यासारख्या आल्यात. पण मधोमध उजवीकडे एक मेटाफेज आहे, ती मोठी करून बघ. गुणसूत्रांचा पट्टा जाडसर लाल डागासारखा दिसतो, त्याच्या कडेला एकही टोक सुटं दिसत नाही. म्हणजे फोकस आहे, पण भित्तिकेवर. गुणसूत्रं त्या पातळीच्या खाली किंवा वर राहिलीत.

याचं कारण साधं आहे. ४०च्या ऑब्जेक्टिव्हवर ०.६५ असा आकडा कोरलेला असतो, ते तिचं न्यूमरिकल ॲपर्चर, म्हणजे ती किती रुंद कोनातून प्रकाश घेते त्याचं माप. त्या लेन्सला एका वेळी जेमतेम १ मायक्रोमीटर जाडीचा थर नीट दिसतो. आपण अंगठ्याने कितीही छान स्क्वॅश केला तरी पेशी काही मायक्रोमीटर जाड उरतेच. त्यामुळे एकाच पेशीत भित्तिकेची वरची कड फोकसमध्ये असताना गुणसूत्रं बाहेर असू शकतात. ॲनाफेज तिरकी पडली असेल तर एका ध्रुवाकडचा गट स्पष्ट आणि दुसरा पुसट येतो, आणि तो दोष तुझा नसतो. आपल्या कॉलेजांतल्या बऱ्याच मायक्रोस्कोपवर फाइन नॉबची एक खूण म्हणजे सुमारे २ मायक्रोमीटर. म्हणजे योग्य आणि अयोग्य फोकसमध्ये अर्ध्या खुणेचा फरक असतो. डोळ्याने बघताना आपला हात नकळत नॉबवर मागेपुढे होत राहतो आणि मेंदू सगळे थर जोडून घेतो. फोटोत एकच थर उरतो. ‘मॅडम, डोळ्याला तर मस्त दिसत होतं’ ही दरवर्षीची तक्रार इथूनच येते.

अ मध्ये अजून एक गंमत आहे. भित्तिकेच्या काळ्या रेषेला लागून एक चकचकीत पांढरी रेषा दिसते, आणि काही ठिकाणी तिच्यापलीकडे पुन्हा एक फिकट काळी. पेशीत अशी तिहेरी भिंत नसते. कंडेन्सरखालचा डायाफ्राम फार बंद केला की प्रकाश कडेवरून वळतो आणि या खोट्या रेषा उमटतात. डोळ्याला त्या शार्पनेससारख्या भासतात, प्रत्यक्षात बारीक तपशील मात्र गेलेला असतो. तपासायचं असेल तर फोकस झाल्यावर आयपीस उचलून काढ आणि नळीत डोकावून बघ. आत प्रकाशाची एक चकती दिसेल. डायाफ्राम हलवलास की ती लहानमोठी होते. चकतीचा साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग उजळ राहील इतका डायाफ्राम उघडा ठेव आणि आयपीस परत बसव. उजेड डोळ्यांना जास्त वाटला तर दिव्याचा नॉब कमी कर. उजेड कमी करायला डायाफ्राम वापरणं ही आपल्याकडची सार्वत्रिक खोड आहे, आणि निम्मे ‘शार्प’ फोटो त्या खोडीतूनच निघतात.

तर अ चा दोष मायक्रोस्कोप हाताळण्यातला आहे, स्लाइड बहुधा चांगली असावी. पण त्या फोटोतून मेटाफेज दाखवता येत नाही, म्हणून तो बाद.

आता क. तू त्याला धुरकट म्हणतेस, आणि आहेच तो धुरकट. पण धुरकट म्हणजे आउट ऑफ फोकस नव्हे, आणि तुलना लिहिताना बहुतेक जण नेमके इथेच घसरतात. क मध्ये खालच्या बाजूला एक ॲनाफेज आहे. तिच्या गुणसूत्रांचे मागे ओढले जाणारे हात बघ. फिकट आहेत, पण प्रत्येकाची कड कुठे संपते ते सांगता येतं, आणि दोन हातांमधली फट दिसते. फोकस चुकला असता तर कड पसरली असती, फट भरून गेली असती. इथे कड जागेवर आहे, फक्त तिच्यावर दुधाचा पातळ पडदा धरल्यासारखं झालंय. काळं तितकं काळं नाही आणि पांढरं राखाडी झालंय. याला मी कॉन्ट्रास्ट गेलाय असं म्हणते, फोकस गेलाय असं नाही.

असा पडदा सगळ्या फोटोभर सारखाच असला की पहिला संशय ४०च्या लेन्सवर. ही लेन्स स्लाइडच्या इतकी जवळ जाते की कव्हरस्लिपच्या कडेने बाहेर आलेला ॲसिटोकार्माइनचा, म्हणजे आपल्या लाल स्टेनचा, थेंब तिला लागतोच. आधीच्या बॅचमधल्या कुणीतरी लावलेला असतो, तो वाळतो, आणि मग दिवसभर सगळ्यांच्या स्लाइड धुरकट. एका वर्षी आमच्या लॅबमध्ये एका मायक्रोस्कोपवरच्या सहाही मुलींनी ‘स्टेनिंग फिकं’ असं लिहून दिलं. त्यातल्या दोघींनी पुन्हा स्टेन करून, मुळं जास्त गरम करून स्लाइड पार जाळल्या. त्यांची स्लाइड शेजारच्या मायक्रोस्कोपवर ठेवली तेव्हा कळलं की स्टेन उत्तम होता. मीही ती तपासणी आधी केली नव्हती, तेव्हा सगळा दोष मुलींचा नाही.

तू पुढची परीक्षा कर. तीच जागा १०च्या ऑब्जेक्टिव्हवर बघ. १०वर स्वच्छ आणि ४०वर धुरकट असेल तर दोष ४०च्या लेन्सचा. दोन्हींवर धुरकट असेल तर आयपीस, कंडेन्सर किंवा कव्हरस्लिपची वरची बाजू बघ. आयपीस हाताने फिरवून डाग फिरतो का पाहा, म्हणजे तो आयपीसवर आहे का ते कळतं. स्लाइड सरकवल्यावर सरकतो तो स्लाइडवरचा. ४०ची लेन्स बघायची तर ती सोडवून घे आणि आयपीस उलटा धरून त्यातून तिचा पुढचा बिंदू बघ. उलटा आयपीस चांगलं भिंग होतं. वाळलेल्या कार्माइनचा तांबूस थर तिथे स्वच्छ दिसेल. लेन्स पेपरला डिस्टिल्ड वॉटरचा अगदी थोडा ओलावा देऊन हलक्या हाताने पूस, मग कोरड्या लेन्स पेपरने. ओढणी नको, रुमाल नको, टिश्यू पेपरही नको. आणि लेन्स सोडवायला लॅब असिस्टंटची परवानगी आधी घे, नाहीतर माझं नाव सांगशील.

क मध्ये पेशी एका थरात पसरल्यात, केंद्रकं सगळीकडे सारखीच रंगलीत, प्रोफेज, ॲनाफेज आणि एक टेलोफेज एकाच क्षेत्रात आलीय. इतकं चांगलं क्षेत्र पुन्हा सापडेल याची खात्री नसते. म्हणून म्हणते, चौघांत दिसायला सगळ्यात वाईट असलेला फोटो सगळ्यात चांगल्या स्लाइडचा आहे.

ब बद्दल थोडं जास्त बोलावं लागेल, कारण ‘स्टेनिंगचा सारखेपणा’ हा निकष तिघांत फसवा आहे. ब मध्ये डावा अर्धा गडद लाल आणि उजवा फिका गुलाबी आहे. तू कच्च्या वहीत ‘स्टेनिंग असमान’ लिहून मोकळी झालीस. पण फोटोची एक बाजू गडद असण्याची तीन कारणं असू शकतात: प्रकाश एका बाजूला कमी पडला, स्टेन एका बाजूला जास्त बसला, किंवा एका बाजूला पेशींचा थर जाड आहे. तिघांना एकच नाव देऊन चालत नाही.

प्रकाशाचा साक्षीदार फोटोतच असतो: पेशींच्या मधली रिकामी जागा. तिथे रंगवायला काही नसतं, त्यामुळे तिची उजळी फक्त दिव्यावर आणि मोबाइल धरण्यावर अवलंबून असते. डावीकडची रिकामी जागा उजवीकडच्यापेक्षा काळपट असेल तर दोष प्रकाशाचा किंवा मोबाइल आयपीसवर तिरका धरल्याचा. दुसरी खूण म्हणजे तीच पेशी स्टेज सरकवून आधी डाव्या कडेला आणि मग उजव्या कडेला आणायची. गडदपणा पेशीबरोबर गेला तर तो पेशीचा, जागेवर राहिला तर प्रकाशाचा.

डोळ्यावर विश्वास न ठेवता मोजून बघायचं असेल तर ImageJ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. फोटो उघडून हे कर:

```
Image > Color > Split Channels
Analyze > Measure
```

पहिल्या आज्ञेने फोटोचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग होतात. त्यातला हिरवा घे, बाकीचे बंद कर. कार्माइन लाल दिसतं कारण ते हिरवा प्रकाश शोषून घेतं, म्हणून रंगलेला भाग हिरव्या चॅनेलमध्ये सगळ्यात काळा दिसतो. लाल चॅनेलमध्ये तोच भाग जवळजवळ गायब असतो. मग चौकोनी साधनाने हव्या त्या जागेवर छोटा चौकोन काढून दुसरी आज्ञा दे. Mean या रकान्यात ० ते २५५ मधला आकडा येईल. ० म्हणजे पूर्ण काळं, २५५ म्हणजे पूर्ण पांढरं.

तुझ्या ब वर मी तीन तीन जागा मोजल्या. डावीकडची रिकामी जागा २१२, उजवीकडची २०८. म्हणजे प्रकाश सारखा होता, दिव्याला दोष नाही. विभाजन न होणाऱ्या पेशींची केंद्रकं डावीकडे ७८, उजवीकडे १२१. आणि त्याच पेशींचा सायटोप्लाझम डावीकडे १५०, उजवीकडे १८६. हा शेवटचा आकडा बोलका आहे. ॲसिटोकार्माइनने केंद्रक रंगावं, सायटोप्लाझम फिकाच राहावा अशी अपेक्षा असते. डावीकडे केंद्रकाबरोबर सायटोप्लाझमही काळवंडला, म्हणजे एक तर तिथे स्टेन जादा झालाय किंवा प्रकाश दोन पेशींमधून आरपार येतोय. आता डावीकडचा वरचा कोपरा मोठा करून बघ. पेशीभित्तिकेच्या दोन रेषा एकमेकींना फुलीसारख्या छेदतायत. एकाच थरातल्या पेशींच्या भित्तिका एकमेकींना भिडतात, छेदत नाहीत. फुली दिसली की दोन थर एकावर एक आहेत हे पक्कं.

म्हणजे ब चा दोष स्टेनिंगचा नाहीच, स्क्वॅशचा आहे. अंगठा एका बाजूला कमी दाबला गेला, किंवा रूट टिपचा तुकडा मोठा घेतला. गडद रंगलेलं टोक साधारण २ मिलिमीटरच कापून घ्यायचं, बाकीचं मूळ टाकून द्यायचं, हे यासाठीच. दाबताना ब्लॉटिंग पेपरच्या घडीत स्लाइड धरून सरळ खाली दाब, अंगठा फिरवू नकोस. फिरवलास तर पेशी गुंडाळतात आणि गुणसूत्रं भलत्याच पेशीत गेल्यासारखी दिसतात.

एक सावधगिरी. हे आकडे एकाच फोटोतल्या दोन जागांची तुलना करायलाच वापर. ब चे १२१ आणि क चे ११० यांवरून कुठे स्टेन जास्त बसला असं म्हणता येणार नाही, कारण मोबाइल प्रत्येक फोटोला उजेड स्वतःच्या मर्जीने ठरवतो. आणि आकडा निम्मा झाला म्हणजे रंग दुप्पट असंही नाही. मोबाइल जेपीईजी करताना उजळी वाकवतो. कललंय कुठे एवढंच यातून कळतं.

खरं असमान स्टेनिंग कसं दिसतं तेही सांगते, म्हणजे पुढच्या वेळी ओळखशील. एकाच थरातल्या, शेजारशेजारच्या पेशींत एकीचं केंद्रक गडद आणि दुसरीचं फिकट गुलाबी, आणि दोन्हींचा सायटोप्लाझम मात्र सारखाच फिका. वॉच ग्लासमध्ये आम्ल आणि स्टेन घालून स्पिरिट लॅम्पवर गरम करताना घाई झाली, पेशींना जोडणारा थर नीट सुटला नाही आणि स्टेन आतपर्यंत पोचला नाही की असं होतं. उलट टोक, म्हणजे उकळू देणं, त्याने सायटोप्लाझमही लालभडक होतो. वाफ दिसली की काढायचं, बुडबुडे येऊ द्यायचे नाहीत. आणि फोटोत काळपट लाल सुया किंवा कण विखुरलेले दिसले तर ते गुणसूत्रांचे तुकडे नाहीत, न गाळलेल्या किंवा वाळलेल्या ॲसिटोकार्माइनचे स्फटिक आहेत. ते पेशींच्या बाहेर रिकाम्या जागेतही असतात, यावरून ओळखायचं. केंद्रकात मधोमध फिका गोल ठिपका दिसला तर मात्र घाबरू नकोस, ते न्यूक्लिओलस आहे, त्याला हा स्टेन फारसा बसत नाही. एका मुलीने ‘स्टेन नीट पोचला नाही’ म्हणून त्या ठिपक्यावर बाण काढला होता.

ब चा उजवा भाग एका थराचा आहे, फोकस गुणसूत्रांवर आहे, एक सुरेख ॲनाफेज आहे. म्हणून तो राखीव. डावा भाग काप आणि कापल्याचं लिही.

ड वर फार वेळ घालवायची गरज नाही. तो तू मोबाइलचा झूम लावून काढलास आणि व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवलास, बरोबर? गुणसूत्रांभोवती पांढरी प्रभावळ आहे, ती मोबाइलने कडा उठाव करताना काढलीय. सायटोप्लाझममध्ये छोट्या चौकोनी फरशा दिसतात, त्या व्हॉट्सॲपने फाइल दाबल्यामुळे आल्यात. दोन्ही स्लाइडमध्ये नाहीत. ती माहिती एकदा गेली की परत येत नाही, मूळ फाइल मोबाइलमध्ये असेल तरच काही करता येईल. आणि मूळ फाइलमध्येही झूमने काही मिळालेलं नसणार. हा हिशोब बघ: तुझ्या झूम न केलेल्या फोटोत स्टेज मायक्रोमीटर या मापपट्टी कोरलेल्या स्लाइडचे १० भाग, म्हणजे १०० मायक्रोमीटर, ६६० पिक्सेलमध्ये बसतात. म्हणजे १ मायक्रोमीटरला साडेसहा पिक्सेल. ४०च्या लेन्सला सुमारे अर्ध्या मायक्रोमीटरपेक्षा बारीक तपशील दाखवताच येत नाही, आणि त्याला तुझ्याकडे आधीच तीनेक पिक्सेल आहेत. झूम करून पिक्सेल वाढतील, तपशील नाही.

आता क पुन्हा काढताना. मायक्रोस्कोप आधी डोळ्याने लाव, डायाफ्राम वर सांगितल्यासारखा उघड. मोबाइल आयपीसपासून पुढेमागे करून असा धर की गोल पूर्ण दिसेल आणि कडेला काळी चंद्रकोर राहणार नाही. हाताने जमत नसेल तर पुठ्ठ्याची नळी करून आयपीसवर बसव. पडद्यावर बोट दाबून ठेवून फोकस आणि उजेड लॉक कर, एचडीआर, फिल्टर, झूम बंद. यानंतर मोबाइलच्या पडद्याकडे बघत मायक्रोस्कोपचा फाइन नॉब फिरव, आयपीसमध्ये बघून नव्हे. डोळ्याला आणि मोबाइलला फोकस नेमका एकाच जागी येत नाही. मग अंदाजाने एक फोटो काढून थांबू नकोस. नॉब अर्धी अर्धी खूण एकाच दिशेने सरकवत पाच फोटो काढ. हात हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लाव. या पाचांत क्षेत्र, उजेड, रंग सगळं तेच आणि फोकस तेवढा वेगळा, त्यामुळे फोकसची तुलना इथे खरी होते. तुझ्या अ, ब, क, ड मध्ये चार वेगळी क्षेत्रं होती, तिथे ती अर्धीमुर्धीच होती. पाचातल्या ज्या फोटोत ॲनाफेजच्या हातांमधली फट सगळ्यात मोकळी दिसते तो निवड. सोयीची एक खूण अशी की अशा मालिकेत बहुतेक वेळा सगळ्यात शार्प फोटोची फाइलही सगळ्यात मोठी असते, पण ती डोळ्याने खात्री करूनच मान. फाइल कॉम्प्युटरवर केबलने किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठव.

त्याच बैठकीत, झूमला किंवा मोबाइलच्या अंतराला हात न लावता, स्टेज मायक्रोमीटरचाही एक फोटो काढ. स्केल बार त्यावरूनच येतो. ६६० पिक्सेलला १०० मायक्रोमीटर, तर २० मायक्रोमीटरची पट्टी १३२ पिक्सेलची. फोटोखाली ‘४०० पट’ लिहू नकोस. ते आयपीसमधून बघताना खरं होतं, कागदावर छापल्यावर फोटो किती मोठा छापलास त्यावर ठरतं. पट्टी मात्र फोटोबरोबर लहानमोठी होते.

तुलना लिहिताना निकषापुढे ‘चांगला’, ‘मध्यम’ असे शब्द नकोत. काय दिसलं ते लिही. मी लिहिलं असतं तर साधारण असं:

‘फोटो अ: फोकस पेशीभित्तिकेवर, मेटाफेजमधील गुणसूत्रं अस्पष्ट. भित्तिकेला दुहेरी रेषा, डायाफ्राम जास्त बंद. फोटो ब: उजव्या भागात ॲनाफेज स्पष्ट. डाव्या भागात पेशींचे दोन थर, त्यामुळे गडद. रिकाम्या जागेची उजळी दोन्हीकडे सारखी. फोटो क (पहिला): फोकस गुणसूत्रांवर, पेशी एका थरात, केंद्रकांचा रंग सारखा, ऑब्जेक्टिव्हवरील डागामुळे कॉन्ट्रास्ट कमी. लेन्स स्वच्छ करून पुन्हा घेतला, तोच जोडला आहे. फोटो ड: झूम व फाइल दाबली गेल्यामुळे कडा कृत्रिम, तुलनेतून वगळला.’

धुरकट क ही फाइल खोडू नकोस. पुसण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही शेजारी छापून ठेवलेस तर एक्स्टर्नलने विचारल्यावर दाखवायला तुझ्याकडे काहीतरी असेल. पूर्ण फोटोची उजळी थोडी वाढवली तर चालतं, तसं लिहायचं. एखाद्याच पेशीला उठाव देणं किंवा नको असलेला बुडबुडा पुसून टाकणं चालत नाही. आणि फोटो चांगला आला म्हणून त्याखाली ‘१६ गुणसूत्रं दिसतात’ असं लिहू नकोस. कांद्याची असतात १६ च, पण कोल्चिसीनसारखी पूर्वप्रक्रिया न करता या स्क्वॅशमध्ये ती एकमेकांवर पडलेली असतात, मोजता येत नाहीत, आणि हे परीक्षकाला तुझ्याइतकंच माहीत असतं. पेन्सिलची आकृती काढायचीच आहे, ती याच फोटोतल्या पेशीवरून काढ म्हणजे दोन्ही जुळतील.

स्लाइडचं काय करायचं ते आजच बघ. कडा नेलपॉलिशने बंद केल्या असतील तर दोनेक दिवस निघतील. नसतील तर कव्हरस्लिपच्या कडेला ४५ टक्के ॲसिटिक ॲसिडचा एक थेंब सोड, दुसऱ्या कडेला ब्लॉटिंग पेपर लावून आत ओढून घे, आणि ओल्या फिल्टर पेपरच्या तुकड्यासोबत पेट्री डिशमध्ये झाकून ठेव. कव्हरस्लिपखाली कडेने झाडाच्या फांद्यांसारखी हवा शिरलेली दिसली तर ती स्लाइड गेली असं समज, आणि ब कापायला घे.